आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला बोलताना

प्रिय पोरी,

चाळिसाव्या वाढदिवसाला हॉलमध्ये माइक तुझ्या हातात येणार आणि तुला एखाद्या म्हणीभोवती बोलायचं आहे, हे कळलं. पाठवलेल्या म्हणींतल्या दोन आधी काढून टाक. ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ ही आपल्याकडे भांडणानंतर म्हणतात. ती ऐकली की आत्या आणि मामी एकमेकींकडे बघतील. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ऐकायला गोड आहे, पण रंकाळ्याचा कितीही संदर्भ दिलास तरी ती बचतगटाच्या सभेतली वाटते. ‘एका चाकावर गाडा चालत नाही’ ही ठेव. ती जुनी आणि झिजलेली आहे खरी, पण ती जिवंत करता येते.

झिजलेली म्हण समजावून सांगितली की आणखी झिजते. ‘संसार हा गाडा, आई एक चाक, बाबा दुसरं’ एवढं बोललीस की पुढचं सगळं लोकांना पाठ असतं. म्हणून अख्खा गाडा उभा करू नकोस, त्याचा एकच भाग उचल. मी वंगण घेईन. लाकडी गाडीचं चाक आसावर फिरतं. मध्ये वंगण नसेल तर ते आधी कुरकुरतं, मग तापतं, मग आतून झिजतं. आणि वंगण एकदा घालून भागत नाही, पुन्हा पुन्हा घालावं लागतं. कारखान्यावर ऊस नेणाऱ्या बऱ्याच गाड्यांना आता टायर आले, पण समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या कानात ती कुरकुर अजून आहे.

आता त्या वंगणाच्या जागी बसेल अशी तुझ्या घरातली एक गोष्ट शोध. मोठा प्रसंग नको. आजारपण, घर बांधणं हे सगळ्यांच्या घरी असतं. रोज घडणारी, कुणी न सांगता केलेली गोष्ट हवी. बाबांची साखर कारखान्यातली रात्रपाळी आणि आईचं शिवणकाम तू लिहिलंयस, त्यातच ती आहे. ती अशी मांडता येईल:

“गळीत हंगामात बाबा सकाळी पाळीवरून येऊन झोपायचे. ते उठेपर्यंत आईचं मशीन बंद. तेवढ्या वेळात ती कापड बेतून ठेवायची आणि उशीर झालेले ब्लाउज रात्री शिवायची. हंगाम संपला की बाबा संध्याकाळी तिच्याशेजारी बसून बटणं लावायचे. त्यांनी लावलेलं बटण जरा वाकडंच असायचं. आई ते उसवायची नाही. एका चाकावर गाडा चालत नाही, हे सगळेच म्हणतात. आमच्या गाड्याचं वंगण कुठलं, ते मी पाहिलंय.”

बघ, म्हण एकदाच आली, तीही प्रसंगानंतर. आधी आली असती तर प्रसंग तिचं उदाहरण झाला असता. वाकडं बटण मात्र खरंच असलं पाहिजे. नसेल तर आईला विचारून दुसरं काही घे, कारण खोटा तपशील घरातल्यांना लगेच कळतो आणि आईचा चेहरा आधी बोलतो. दोन्ही चाकं सारखी होती असाही दावा करू नकोस. कुणी जास्त ओढलं ते नातेवाइकांना ठाऊक असतं.

एवढं लिहून झालं की मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाच. तीन मिनिटांत, म्हणजे साधारण तीनशे शब्दांत, संपलं पाहिजे. लांबलं तर सुरुवातीची ‘उपस्थित मान्यवर’ ही यादी काप. पाहुण्यांचं स्वागत दादाला करू दे. शेवटी ‘मी आई-बाबांची’ असं म्हणताना गळा दाटतो, म्हणून तिथलं वाक्य चार-पाच शब्दांचंच ठेव. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घे. मोबाइलचा स्क्रीन नेमका भरल्या डोळ्यांनी बघताना बंद होतो.

आपल्याकडे पेला उंचावायची पद्धत नाही, त्यामुळे भाषण संपलं की लोकांना काय करावं ते कळत नाही आणि टाळ्या अर्धवट पडतात. त्यांना अक्षता दे. शंभर माणसांना पाव किलो तांदूळ पुरे, चिमूटभरच लागतात. त्या तू बोलायच्या आधी वाटून झालेल्या असू देत, नाहीतर ताटली फिरत राहते आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं. शेवटचं वाक्य असं: “आई, बाबा, उभे राहा. आता पुन्हा अक्षता.” मग माइक खाली घे आणि पहिली मूठ तूच टाक.

हे सगळं जेवणाआधी व्हायला हवं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वास सुटला की कुणी ऐकत नाही, आणि पहिली पंगत उठली की निम्मी माणसं गाडीची किल्ली शोधत असतात. आचाऱ्याला सकाळीच सांगून ठेव, अक्षता पडेपर्यंत ताटं मांडायची नाहीत.

तुझा,
काका