संध्याकाळी सहा वाजता सुरू होणारं रडणं

लेस्टरहून एका आईचं पत्र आलंय. बाळ सहा आठवड्यांचं, अंगावर पिणारं, वजन छान वाढतंय. पण रोज संध्याकाळी सहाला रडं सुरू होतं ते दहापर्यंत. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, चेहरा लालबुंद. सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, "तू काय खाल्लंस?" उसळ बंद झाली, फ्लॉवर बंद झाला, आता नुसता मऊ भात चालू आहे. रडणं तेवढंच.

आधी ताटाचं सांगते. उसळ खाल्ल्यावर गॅस होतो तो आईच्या आतड्यात, आणि तिथून तो दुधात उतरत नाही. तेव्हा उद्यापासून नीट जेवा. बाळाला गायीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथे नुसतं रडणं नसतं. शीमध्ये रक्त किंवा बरीच शेम, अंगावर इसब, सारख्या उलट्या असं काहीतरी सोबत असतं. तसं दिसलं तर जीपीशी बोलून, त्यांच्या देखरेखीखालीच काही आठवडे तुमच्या जेवणातलं दूधदुभतं बंद करून बघायचं.

मग बाळ रडतं का? खरं कारण कुणालाच नेमकं सापडलेलं नाही. एवढं मात्र पक्कं आहे की बहुतेक बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. अशा रडण्याला कॉलिक म्हणतात, ते बहुतेक वेळा याच चढणीचं टोक. पोट टम्म दिसतं, कारण रडताना बाळ हवा गिळतं. म्हणजे गॅस हा बऱ्याचदा रडण्याचा परिणाम असतो. म्हणूनच गॅसवरच्या सिमेथिकॉनच्या थेंबांचा चाचण्यांत फारसा उपयोग दिसला नाही, आणि ग्राइपवॉटरच्या बाजूनेही भक्कम पुरावा नाही. पोटावर हिंगाचा लेप लावून आजीचं समाधान होत असेल तर वाद घालू नका, फक्त त्वचा लाल झाली तर थांबवा. बाळगुटी आणि मधाला मात्र ठामपणे नाही म्हणा. मधातून वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो.

आता उपयोगाचं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये रडणाऱ्या बाळांवर एक छोटा अभ्यास केला. बाळाला उराशी घट्ट धरून, न थांबता, एका लयीत पाच मिनिटं चालायचं. नुसतं मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा याने बाळं लवकर शांत झाली, बरीचशी झोपलीही. खरी मेख पुढे आहे. डोळा लागला की आपण लगेच खाली ठेवतो आणि बाळ टक्क जागं होतं, कारण अंग अंगापासून सुटल्याचं त्याला कळतं. म्हणून झोपल्यावरही पाच ते आठ मिनिटं त्याला घेऊन बसून राहायचं, मगच पाठीवर, कॉटमध्ये. लेस्टरच्या घरात दिवाणखाना ते स्वयंपाकघर एवढ्या फेऱ्या पुरतात. फोन खिशात ठेवा, वळणावर अडखळू नका. आणि हे रडं टिपेला पोचायच्या आधी, पावणेसहालाच सुरू करून बघा. दिवे मंद, टीव्ही बंद. हमखास उपाय नाही हा. काही संध्याकाळी काहीच चालत नाही.

तेव्हाची सोय आधी करून ठेवा. दोघांनी एकाच वेळी बाळाभोवती उभं राहण्यात अर्थ नाही. नवऱ्याने सहा ते आठ घ्यावं, त्या वेळात तुम्ही दार लावून पडा, मग अदलाबदल. डोकं फिरायला लागलं तर बाळाला कॉटमध्ये पाठीवर ठेवा, खोलीबाहेर या, दहा मिनिटं चहा घ्या, मग परत जा. तेवढं रडून त्याला काही होत नाही. हलवल्याने मात्र होतं: तान्ह्याला रागाने गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि दमून त्याला घेऊन सोफ्यावर झोपू नका. बिछान्यापेक्षाही ती जागा धोक्याची, बाळ कुशी-उशीच्या खाचेत सरकून गुदमरतं.

एकदा त्याचे कपडे काढून बोटं नीट बघा, हातांची आणि पायांचीही. बाळंतपणानंतर आईचे केस खूप गळतात, आणि कधीकधी एखादा केस बोटाला गुंडाळून ते सुजलेलं असतं.

अंग ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त तापलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, बाळ दूध घेईना, मलूल पडलं किंवा रडण्याचा आवाज एकदम वेगळा, कण्हल्यासारखा वाटला, तर ते कॉलिक समजू नका. एनएचएसच्या १११ वर फोन करा, किंवा सरळ रुग्णालयात न्या. त्या वेळी सांगलीला फोन नंतर.