आधी "कशा आहात?", मग "कसे दिले?"

प्रश्न: आईबरोबर मंडईत गेलं की ती आणि तिची ठरलेली भाजीवाली आधी दोन-तीन मिनिटं एकमेकींची विचारपूस करतात आणि मग दोन रुपयांवरून घासाघीस करतात. एवढी ओळख आहे तर घासाघीस कशाला? आणि शेजारच्या गाळ्यावर स्वस्त असलं तरी आई तिकडे का जात नाही?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत माझ्या मावशीचा गाळा होता. कॉलेजात असल्यापासून पुढची बरीच वर्षं मी सकाळी तिच्याबरोबर बसायचो, त्यामुळे गाळ्याच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

मंडईत बसायची रचना आधी डोळ्यासमोर आणा. 1886 सालची ती इमारत, आत ओट्याला लागून ओटा. टोमॅटोवालीच्या शेजारी टोमॅटोवालीच. एकीने सांगितलेला भाव दुसरीला ऐकू जातो आणि समोर उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांनाही. म्हणून विकणाऱ्याच्या तोंडून एकदा आकडा बाहेर पडला की तो मागे घेणं अवघड असतं. तुम्हाला "चाळीस" सांगून नंतर "बरं, तीसने घ्या" म्हटलं, तर शेजारी उभी असलेली बाईही तीसच मागणार, आणि मघाशी चाळीसने घेऊन गेलेली उद्या भांडायला येणार.

विचारपूस आधी होते ती याचसाठी. "या काकू, दोन दिवस दिसला नाहीत?" एवढं म्हणेपर्यंत मावशीला बरंच कळलेलं असायचं. बाई नेहमीची आहे, आज घाईत आहे की निवांत, घरी पाहुणे आहेत की उपास. काकूंनी "अगं, मुलगी आलीये बाळंतपणाला" म्हटलं की मावशीचा हात आपसूक मेथी-शेपूकडे जायचा. मग काकू विचारायच्या, "टोमॅटो कसे दिले?" आणि मावशी पहिल्यांदाच खरा आकडा सांगायची. अनोळखी माणूस काहीच न बोलता थेट भाव विचारतो, तेव्हा तो किती ओढणार हे माहीत नसतं. म्हणून त्याला ओढायला जागा ठेवून भाव सांगितला जातो.

आता ही जागा मुळात किती असते ते एका क्रेटवर बघा. आकडे त्या वेळचे नाहीत, समजायला सोपे घेतले आहेत. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळभाजीचा भाव दहा किलोवर बोलतात आणि पालेभाजीचा शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांना. समजा टोमॅटो दहा किलोला 180 ने मिळाला. वीस किलोचा क्रेट 360 ला पडला, हमाली आणि टेम्पोचे 40 धरून 400. त्यातले दोन किलो तरी दबलेले, फुटलेले निघतात. उरलेल्या अठरा किलोत 400 वसूल करायचे म्हणजे किलोला बावीस रुपयांच्या वर खरेदीच झाली. तीसने सगळा खपला तर 540 येतात, हातात 140 राहतात. प्रत्येकाने पाच रुपये कमी करून घेतले तर राहतात पन्नास.

म्हणजे ओळखीच्या गिऱ्हाइकाला खरा भाव सांगून झाला की पैशांत सोडायला फारसं काही उरत नाही. तरी तुमची आई घासाघीस करते आणि तिची भाजीवालीही करू देते, कारण आता बोलणी आकड्यावर चाललेली नसतात, मालावर चाललेली असतात. "तीसने देतेस तर कडक बघून दे, परवापर्यंत टिकायला हवेत." "अगं, त्यात एक मऊ आहे, काढ तो." "मिरची नाही घातलीस?" हे सगळं भाव कमी करणंच आहे, फक्त शेजारच्या ओट्याला ऐकू न जाणारं. पूर्वी तागडी होती तेव्हा पारडं जरा झुकतं ठेवता यायचं. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ग्रॅमचा आकडा सगळ्यांना दिसतो, म्हणून मावशी आधी बरोबर अर्धा किलो करायची, पिशवी काट्यावरून उचलायची आणि मग त्यात वरून एक टोमॅटो टाकायची. तो एक टोमॅटो कोणाच्या पिशवीत पडायचा आणि कोणाच्या नाही, हे सुरुवातीच्या त्या दोन मिनिटांत ठरलेलं असायचं.

भवानीच्या वेळी हे जास्तच जाणवतं. दिवसाची पहिली विक्री झाली की मावशी ती नोट कपाळाला लावायची, काट्याला टेकवायची. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलेलं कोणालाच आवडत नाही. नेहमीच्या बायका सकाळी लवकर आल्या की आधी विचारायच्या, "भवानी झाली का?" झाली नसेल आणि घ्यायचं नसेल तर भाव विचारतच नसत. झाली नसेल आणि घ्यायचं असेल तर फार ताणत नसत. तेवढ्यावरून मावशी त्यांना वर्षभर लक्षात ठेवायची.

मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या क्लिफर्ड गिर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने हेच टिपलं आहे. जिथे मालाची खरी माहिती मिळवणं कठीण असतं, तिथे लोक दहा दुकानं फिरण्यापेक्षा एकच विक्रेता धरतात आणि त्याच्याशीच खोलात जाऊन बोलणी करतात. भाजीला ना छापील किंमत, ना तारीख. मटार आतून किडका आहे का, कोबीची वरची पानं आज काढलीत की काल, हे फक्त विकणाऱ्याला माहीत असतं. दोन रुपये जास्त देऊन तुमची आई ही माहिती घेते.

ती मिळतेय की नाही हे ओळखायची एक खूण आहे: विकणारी स्वतःहून "ही आज नका घेऊ" म्हणते का? मावशी पावसाळ्यात पालकाच्या जुडीवर हात ठेवून सांगायची, "ताई, आतून चिखल आहे, उद्या या." त्या दिवशीचे पंधरा रुपये जायचे. पण जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा याच बायका दुसरीकडे गेल्या नाहीत, पाव-पाव किलो का होईना, तिच्याकडूनच नेत राहिल्या. तीही त्यांच्यासाठी थोडे गोणपाटाखाली बाजूला काढून ठेवायची.

हे तुटतं कसं तेही पाहिलं आहे. एकदा घाईत मी एका जुन्या काकूंना खालचा मटार वरच्यात मिसळून दिला. त्या भांडायला आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात समोरून गेल्या, "बरी आहेस ना गं?" एवढं मावशीला म्हणाल्या आणि न थांबता पुढच्या ओळीत वळल्या. मावशीने त्याच क्षणी माझ्याकडे वळून विचारलं, "काय दिलं होतंस त्यांना?" पुढे तीन-चार वेळा त्या दिसल्या तेव्हा मावशीने भाजीचं नावही काढलं नाही, फक्त गुडघ्याचं दुखणं विचारलं. मग एका सकाळी त्या थांबल्या आणि पाव किलो मटार मागितला. मावशीने शेंगा एकेक करून निवडल्या, दोन सोलून त्यांच्या तळहातावर ठेवल्या, आणि मग वजन केलं.