खाणीचं उदाहरण: उपयुक्ततावाद आणि कर्तव्यवाद कसे लावावेत?

प्रश्न: बीएच्या तत्त्वज्ञानाच्या पेपरात केस आहे: डिचोलीतली एक खाण कंपनी विहिरींचं पाणी आटेल हा अहवाल लपवून ग्रामसभेची संमती घेते. दोन्ही सिद्धांत कसे लावू?

उत्तर: आधी तपासायची कृती नेमकी ठरव. इथे ती ‘खाण चालवणं’ नसून ‘अहवाल लपवणं’ आहे. बहुतेक उत्तरं इथेच भरकटतात.

उपयुक्ततावाद कृती तिच्या परिणामांवरून, सर्वांच्या एकूण हितावरून तोलतो, म्हणून लपवणं आणि सांगणं या दोन पर्यायांची तुलना कर. समजा, लपवल्याने तीनशे घरांना रोजगार मिळतो, पण चाळीस घरांच्या विहिरी आणि कुळागरं जातात. नुसती डोकी मोजू नकोस. उपयुक्ततावादी बेंथम सुखदुःखाची तीव्रता आणि कालावधीही मोजायला सांगतो. रोजगार काही वर्षांचा, पाणी कदाचित कायमचं गेलेलं. शिवाय अहवाल सांगून, टँकर आणि भरपाई ठरवून संमती मिळत असेल, तर त्यातूनच अधिक हित साधतं. मात्र आकडे बदलले तर निष्कर्षही बदलेल, हे लिहायलाच हवं.

कर्तव्यवादासाठी कांटकडे वळलीस की परिणाम बाजूला ठेव; तो कृती मुळात कर्तव्याला धरून आहे का, एवढंच पाहतो. ‘सगळेच फसवू लागले तर समाज बिघडेल’ असं लिहिलंस तर तो पुन्हा परिणामांचाच हिशेब झाला. कांटचा मुद्दा विसंगतीचा आहे: फसवून संमती घेणं हा सार्वत्रिक नियम झाला, तर संमतीवर कोणी विश्वासच ठेवणार नाही, आणि कंपनीचा डावच अशक्य होईल. दुसरं, अहवाल न कळलेल्या गावकऱ्यांना या व्यवहाराला खरी संमती देताच येत नाही. ते केवळ साधन ठरतात. त्या चाळीस घरांना नंतर भरपूर भरपाई मिळाली, तरी कांटचं उत्तर बदलत नाही. माझ्या मते उत्तराचा कस इथेच लागतो, म्हणून जास्त ओळी यावर खर्च कर.