पितृपक्षात दर पक्का, दसऱ्याला दागिना

प्रश्न: मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. पाच तोळ्यांच्या पाटल्या आणि गोफ करायचाय. दीर म्हणतात, पितृपक्षात नागपूरच्या इतवारीत सोनं स्वस्त मिळतं, तेव्हाच घ्या. सासूबाईंना धनत्रयोदशीलाच हवंय. काय करू?

उत्तर: ताई, दिरांचं म्हणणं खरं आहे, पण त्यातून वाचणारी रक्कम छोटी आहे. जागतिक भाव, डॉलरचा दर आणि आयात शुल्क मिळून सोन्याची इथे पोहोचलेली किंमत ठरते. गिऱ्हाईक कमी झालं की घाऊक व्यापारी त्याहून थोडं खाली विकतात, तो डिस्काउंट. दिवाळी आणि लगीनसराईसाठी सराफ माल भरू लागले की तो संपतो आणि त्या किमतीवर प्रीमियम चढतो.

समजा, पितृपक्षात औंसामागे 20 डॉलर डिस्काउंट आहे आणि धनत्रयोदशीआधी 10 डॉलर प्रीमियम. फरक 30 डॉलरचा. औंसात 31.1 ग्रॅम असतात. डॉलर 90 रुपये धरला तर ग्रॅममागे सुमारे 87 रुपये, म्हणजे 50 ग्रॅमला 4,300 च्या आसपास. हा घाऊक बाजारातला फरक, दुकानाच्या दरात तो पूर्ण उतरतोच असं नाही. शिवाय सराफांची खरेदी सणाच्या आधीच सुरू होते, त्यामुळे पितृपक्ष संपता संपता डिस्काउंट आटू शकतो. उलट भाव एकदम भडकले तर लोक थांबतात, जुनं सोनं मोडतात आणि ऐन लगीनसराईतही डिस्काउंट दिसतो.

तुमच्या दुकानाचा दर आयबीजेए या सराफांच्या संघटनेच्या त्याच दिवशीच्या दराशी ताडून बघा. दोन्ही 22 कॅरेटचे आणि जीएसटीशिवायचे घ्या. हे अंतर दिवाळीत वाढलं, तर तेवढी सणाची चढण तुम्ही भरताय.

तुमचा खरा पैसा घडणावळीत आहे. हिशेबाला ग्रॅमचा दर 10,000 धरा. घडणावळ 14 ऐवजी 10 टक्के ठरली तर पाच लाखांवर 20,000 वाचतात, वर त्यावरचा 3 टक्के जीएसटी. धनत्रयोदशीच्या गर्दीत ही घासाघीस जमत नाही आणि कारागिरांकडेही कामाची रांग असते. पितृपक्षात दुकान रिकामं असतं, मालक स्वतः बसून बोलतो. ‘मजुरीवर 50 टक्के सूट’ अशा पाटीला भुलू नका. आधी मूळ मजुरी किती होती ते विचारा, कारण 24 चे निम्मे 12 च होतात.

म्हणून माझा सल्ला असा. पितृपक्षात इतवारीत आणि धरमपेठेत दोन-तीन दुकानं फिरा, घडणावळ ठरवा, दर पक्का करून ऑर्डर द्या आणि दागिने दसऱ्याला घरी आणा. सासूबाईंसाठी एक ग्रॅमचं नाणं धनत्रयोदशीला घ्या. तोवर भाव पडेल अशी धास्ती वाटत असेल तर निम्म्याच वजनाचा दर आधी पक्का करा. आगाऊ रक्कम शक्य तेवढी कमी द्या, कारण दुकान अडचणीत आलं तर ती परत मिळणं अवघड. पावतीवर वजन, 22 कॅरेट, ग्रॅमचा दर, घडणावळीचा टक्का आणि डिलिव्हरीची तारीख लिहून घ्या. दर उतरला तर कमी दर लागू होईल असं दुकानदार म्हणाला, तर तेही त्याच पावतीवर लिहून द्यायला सांगा.