अकरा प्रकल्पांपैकी तीन, आणि त्यांतले ‘माझे’ किती

“मॅडम, मी आर्किटेक्ट आहे. दादरच्या एका ऑफिसात चार वर्षे झाली. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या फर्मच्या तीन जणांच्या पॅनेलसमोर वीस मिनिटांत पोर्टफोलिओ मांडायचा आहे. अकरा प्रोजेक्ट्स आहेत, पण सगळी टीमची. ‘मी केले’ म्हणावे तर खोटे वाटते आणि ‘आम्ही केले’ म्हणावे तर माझ्या हातून काहीच झाले नाही असे दिसते. कोणती घेऊ आणि काय सांगू?”

शनिवारी दुपारी ती डोंबिवलीहून माझ्याकडे आली, तेव्हा लॅपटॉपवर 46 स्लाइड तयार होत्या. (तिची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सुरुवात वरळीच्या एका उंच टॉवरच्या झगमगीत थ्रीडी दृश्याने होत होती. मी तिला विचारले, “या टॉवरमध्ये तुझा कोणता निर्णय आहे? तू त्या टीममध्ये नसतीस, तर इमारतीत नेमके काय वेगळे झाले असते?” बराच वेळ विचार करून ती म्हणाली, “लॉबीच्या दगडाचे दोन पर्याय मी थ्रीडीत लावून दाखवले होते. निवडला तो क्लायंटने.”

हाच प्रश्न आम्ही अकराही प्रकल्पांना लावला. एका कोऱ्या कागदावर प्रकल्पाचे नाव लिहायचे आणि पुढे ‘मी’ने सुरू होणारी वाक्ये लिहायची, मात्र प्रत्येक वाक्याचे क्रियापद ठरवले, शोधले, काढले, तपासले, जुळवले असे नेमके हवे. ‘सहभागी होते’ आणि ‘मदत केली’ या दोन क्रियापदांना मी बंदी घातली, कारण मुलाखतीत सर्वांत जास्त वापरली जातात ती हीच, आणि त्यांतून ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. टॉवरच्या नावापुढे दीड वाक्य आले. गिरगावातल्या एका जुन्या चाळीच्या पुनर्विकासापुढे मात्र नऊ वाक्ये आली. तो प्रकल्प तिच्या फायलीत 38व्या स्लाइडवर, एका धूसर फोटोपुरता होता.

टॉवर काढून टाकायला ती सहजी तयार झाली नाही. मोठ्या नावाच्या इमारतीने छाप पडते असे तिचे म्हणणे होते आणि ते अगदीच चुकीचे नाही. पण पॅनेलवरचे आर्किटेक्ट अशा इमारती रोज पाहतात, आणि पहिल्याच खोलातल्या प्रश्नाला उमेदवार अडखळला, की पुढच्या खऱ्या कामाकडेही ते संशयाने पाहू लागतात. शेवटी तीन प्रकल्प राहिले: गिरगावची चाळ, कल्याणच्या एका लहान शाळेचे वाचनालय, जे तिने पहिल्या स्केचपासून साइटवरच्या सुतारकामापर्यंत जवळजवळ एकटीने सांभाळले होते, आणि परवानगीच्या टप्प्यावर थांबलेले एक गृहसंकुल. पूर्ण न झालेले काम दाखवू नये असा समज आहे. मला तो पटत नाही. ते का थांबले आणि तोवर आपले काय काम झाले होते हे सांगता येत असेल, तर ते जरूर दाखवावे.

आता गिरगावच्या चाळीतला एकच प्रसंग पाहू, कारण सगळे सादरीकरण त्याभोवती उभे राहिले. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या अशा जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मधला 33(7) हा नियम लागू होतो, आणि त्यात जुन्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट कार्पेट क्षेत्राचे घर द्यावे लागते. इतक्या लहान घरात प्रत्येक इंच मोजलेला असतो. शेजारच्या दोन घरांची संडास-बाथरूम पाठीला पाठ लावून, मधल्या एका डक्टवर, म्हणजे पाइप नेण्यासाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर, बसवली होती. प्लंबिंग कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमध्ये तो डक्ट 600 मिलिमीटर रुंद होता. स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगमध्ये त्याच जागेतून 230 मिलिमीटर रुंदीचा बीम जात होता. दोन्ही ड्रॉइंग एकमेकांवर ठेवल्यावर तिच्या लक्षात आले, की प्रत्यक्षात 370 मिलिमीटरच जागा उरते. त्यात 110 मिलिमीटरचे दोन पाइप आणि पाण्याच्या लाइनी गेल्या, की दुरुस्तीसाठी माणसाला आत शिरताच येणार नाही. हीच रचना प्रत्येक मजल्यावर असल्यामुळे चूकही मजल्यागणिक तशीच वर चढली असती.

तिने पहिल्या तालमीत हे असे सांगितले: “आम्ही सर्व्हिसेसचे कोऑर्डिनेशन केले.” झाले, एवढेच! मी तिला तेच काम माणसांमध्ये वाटून सांगायला लावले, आणि चौथ्या प्रयत्नात वाक्ये अशी आली: “बीम डक्टमधून जातो हे मी शोधले. तीन पर्याय मी काढले. डक्ट रुंद करण्याचा पर्याय मीच बाद केला, कारण त्यात घराचे क्षेत्र 300 चौरस फुटांखाली जात होते. बीम भिंतीच्या रेषेत सरकवण्याचा पर्याय आमच्या प्रिन्सिपल आर्किटेक्टनी निवडला, आणि हिशेब तपासून तो सरकवला स्ट्रक्चरल कन्सल्टंटने.” इतरांची नावे त्यांच्या कामाला जोडली, की आपला वाटा लहान दिसेल ही भीती असते, पण ऐकताना उलटेच घडते, कारण कडा स्पष्ट झाल्या की आतला भाग खरा वाटू लागतो.

या प्रसंगाची स्लाइडही तिने पुन्हा केली. इमारतीचा फोटो कोपऱ्यात गेला आणि मध्यभागी आले तिच्याच लाल पेनाच्या खुणा असलेले पहिले ड्रॉइंग, त्याच्या शेजारी सुधारलेले. तो खुणांचा कागद ती फेकून देणार होती. तिच्या हातचे काम दाखवणारा त्याहून चांगला पुरावा तिच्यापाशी दुसरा नव्हता.

एका स्लाइडवर मात्र मला थांबावे लागले. क्षेत्रफळाच्या तक्त्यात चाळीतल्या भाडेकरूंची नावे आणि खोली क्रमांक तसेच राहिले होते. ते पुसले, ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीतले, म्हणजे टायटल ब्लॉकमधले, क्लायंटचे नाव झाकले, प्रत्येक प्रकल्पाखाली ऑफिसचे श्रेय लिहिले, आणि न बांधलेल्या गृहसंकुलाची ड्रॉइंग दाखवण्यापूर्वी ऑफिसची परवानगी घ्यायला सांगितली. ती फक्त एका प्लॅनपुरती मिळाली, म्हणून तेवढाच ठेवला. दुसऱ्या फर्मचे लोक अशा गोष्टी पाहतात. उद्या आमचीही कागदपत्रे ही अशीच बाहेर नेईल का, हा विचार त्यांच्या मनात येणारच.

वेळेचे गणित पहिल्या तालमीत पार फसले होते: 31 मिनिटे, त्यांतली चार गिरगावचा इतिहास सांगण्यात. नंतर आम्ही गिरगावला सात, कल्याणला चार, गृहसंकुलाला दोन आणि ओळखीला एक मिनिट ठरवले. उरलेली सहा मिनिटे मुद्दाम मोकळी ठेवली, कारण पॅनेल मध्येच अडवते आणि अडवलेच पाहिजे. 46 स्लाइडच्या 14 झाल्या. त्याच स्लाइडचा ए3 आकाराचा छापील संच सोबत ठेवला, कारण ड्रॉइंगमधली बारीक रेघ प्रोजेक्टरवर बहुधा दिसत नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. डक्टच्या स्लाइडवर पॅनेलमधल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारले होते, “हा बीम आधी कोणाच्याच लक्षात कसा आला नाही?” तिने सांगितले, की आधीच्या आवृत्तीत ड्रॉइंग जुळवण्याचे काम तिच्याकडेच होते आणि तेव्हा तिच्याच नजरेतून तो सुटला होता. हे आमच्या तालमीत नव्हते. बाईंनी छापील संच जवळ ओढला आणि पुढची दहा मिनिटे त्या एकाच पानावर गेली. गृहसंकुलापर्यंत ती पोहोचलीच नाही.

तिथे तिला दुसऱ्या फेरीला बोलावले आहे. त्याच आठवड्यात फक्त इंटिरियर करणाऱ्या एका लहान स्टुडिओचाही निरोप आला. त्यांच्यासाठी आम्ही क्रम उलटा केला आहे: कल्याणचे वाचनालय आधी, सात मिनिटे, डक्ट नंतर, दोनच मिनिटांत.