एकाआड एक शनिवार कामाचा असलेल्या कार्यालयाचे मासिक तास

प्रश्न: "आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार साडेनऊ ते सहा, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. एकाआड एक शनिवार साडेनऊ ते दीड. नेमणूकपत्रात 'मासिक तास' लिहायचे आहेत, पण दर महिन्याला आकडा वेगळा येतो. ऑगस्ट २०२६ चे तर कोणी १८०, कोणी १७६, कोणी १७२ सांगतो. खरा कोणता?"

'एकाआड एक' म्हणजे काय, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. बँकांप्रमाणे दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असेल, तर २०२६ मधल्या ५२ शनिवारांपैकी २४ सुट्टीचे आणि २८ कामाचे ठरतात. काटेकोरपणे आड-आड धरल्यास मात्र २६ कामाचे आणि २६ सुट्टीचे होतात. फरक पडतो तो पाच शनिवारांच्या महिन्यात. २९ ऑगस्ट हा पाचवा शनिवार आणि ५ सप्टेंबर हा पहिला, त्यामुळे दुसरा-चौथा पद्धतीत हे दोन्ही लागोपाठ कामाचे येतात, आणि वाद नेमका तिथेच सुरू होतो. पुढचा हिशेब मी दुसरा-चौथा सुट्टी धरून केला आहे.

आपल्याकडे पूर्ण दिवस ८ तासांचा आणि शनिवार ४ तासांचा आहे. २०२६ मध्ये सोमवार ते शुक्रवार असे २६१ दिवस येतात, त्यांचे २,०८८ तास; २८ शनिवारांचे ११२; एकूण २,२००. बाराने भागले की महिन्याला १८३.३३ तास येतात, आणि नेमणूकपत्रात 'सरासरी' या शब्दासह हाच आकडा लिहावा. पुष्कळ ठिकाणी आठवड्याचे सरासरी ४२ तास धरून त्यांची चौपट, म्हणजे १६८, लिहिली जाते. पण त्या वर्षी इतके तास एकट्या फेब्रुवारीत भरतात, तर जुलैत १९२ होतात. चार आठवड्यांचा महिना हा हिशेबनिसाचा आवडता महिना असला, तरी कॅलेंडरात तो क्वचितच सापडतो.

आता ऑगस्ट. सोमवार ते शुक्रवार २१ दिवस, म्हणजे १६८ तास. कामाचे शनिवार १, १५ आणि २९ तारखेचे, म्हणजे १२ तास. करारातील तास १८० झाले. त्यातला १५ ऑगस्ट भरपगारी सुट्टीचा असल्याने प्रत्यक्ष हजेरीचे तास १७६ उरतात. १७२ सांगणाऱ्याने, किंवा त्याच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरने, प्रत्येक सुट्टीचे सरसकट ८ तास वजा केले आहेत. शनिवारी आलेली सुट्टी मात्र चारच तासांची असते. तीच सुट्टी दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी आली असती, तर काहीच वजा झाले नसते. थोडक्यात, आपले पहिले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांची कामे निराळी आहेत. (इतर सुट्ट्या आपल्या कार्यालयाच्या यादीप्रमाणे याच रीतीने वजा कराव्यात.)

एक्सेलमध्ये A2 मध्ये महिन्याची पहिली तारीख आणि F2 ते F25 मध्ये वर्षातले सुट्टीचे २४ शनिवार लिहून हे सूत्र द्यावे:

```
=8*NETWORKDAYS.INTL(A2,EOMONTH(A2,0),1)
+4*NETWORKDAYS.INTL(A2,EOMONTH(A2,0),"1111101",F2:F25)
```

अवतरणातील सात अंक सोमवारपासून मोजायचे. 1 म्हणजे सुट्टी, 0 म्हणजे काम, म्हणून सूत्राचा हा भाग फक्त शनिवार मोजतो. यातून करारातील तास मिळतात. हजेरीचे तास हवे असल्यास त्याच यादीखाली सणांच्या व राष्ट्रीय सुट्ट्या जोडाव्यात, आणि वाढवलेली यादी सूत्राच्या दोन्ही भागांना द्यावी. सुट्टी रविवारी पडली किंवा एकच तारीख यादीत दोनदा आली, तरी ती दोनदा वजा होत नाही.

सरासरी आकडा कुठे वापरू नये, हेही सांगतो. समजा, ३६,००० रुपये पगाराचा कर्मचारी १७ ऑगस्टला रुजू झाला. महिनाअखेरपर्यंत ११ पूर्ण दिवस आणि २९ तारखेचा शनिवार मिळून त्याचे ९२ तास होतात. १८० पैकी ९२ या प्रमाणात त्याला १८,४०० रुपये मिळतात. १८३.३३ ने काढलेल्या १९६.३६ रुपयांच्या तासिक दराने हीच रक्कम सुमारे १८,०६५ येते. हा दर अख्ख्या ऑगस्टला लावून पाहिला, तर पूर्ण महिना भरणाऱ्यालाही ३५,३४५ रुपयेच पडतात. म्हणून अर्धवट महिन्याचा पगार नेहमी त्याच महिन्याच्या करारातील तासांनी भागावा, आणि त्या तासांतून भरपगारी सुट्टी वजा करू नये.

बिनपगारी रजेच्या तासांची कपात कोणत्या भाजकाने करायची, हे मात्र नियमावलीत आधीच लिहून ठेवावे. त्या महिन्याच्या तासांनी भागल्यास फेब्रुवारीत एका तासाला २१४.२९ रुपये कापले जातात आणि जुलैत १८७.५०. कर्मचाऱ्याला ही तफावत पटत नाही, म्हणून काही तासांच्या कपातीसाठी मी १८३.३३ हाच भाजक सुचवीन. रजा महिन्याच्या बऱ्याच भागाची असेल, तर मात्र वर रुजू होणाऱ्यासाठी केला तसाच प्रमाणाचा हिशेब करावा.