पावतीवर ‘आम्ही जबाबदार नाही’ छापलं म्हणजे सुटले का?

वकीलसाहेब, मी निपाणीचा. दुबईहून सुट्टीवर येताना परराज्यातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरलो. बेळगावचं विमान दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून दोन बॅगा तिथल्या सामान ठेवण्याच्या काउंटरवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तर एका बॅगेची चेन एका ठिकाणी फाकलेली. नवा मोबाईल, घड्याळ, अत्तरं-चॉकलेट आणि रोख पंधरा हजार गायब. काउंटरवाले म्हणतात, ‘कुलूप शाबूत आहे, पावतीमागे लिहिलंय की आम्ही जबाबदार नाही, फार तर दोन हजार देऊ, आणि केस करायची तर आमच्याच शहरात या.’ चाळीस मिनिटं उशीर झाला म्हणून दुसऱ्या दिवसाचं भाडंही घेतलं. हमालाला पाचशे दिले, त्याची पावती नाही. कागदांचे फोटो जोडले आहेत. काय करता येईल?

सगळ्यात आधी आजच एक ईमेल पाठवा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. काउंटर चालवणारी कंपनी आणि विमानतळ चालवणारी कंपनी, दोघांनाही. पावतीचा क्रमांक, बॅग दिल्याची आणि घेतल्याची तारीख-वेळ लिहा आणि स्पष्ट मागणी करा की काउंटर, आतली मांडणी असलेली खोली आणि हमालाने सामान आणलेला रस्ता, या तिन्ही ठिकाणचं त्या दोन दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. काउंटरवर घेण्याआधी बॅग एक्स-रे मशीनमधून गेली असेल तर ती प्रतिमाही. अशा चित्रणावर काही दिवसांनी नवं चित्रण चढतं. तुम्ही लेखी मागितल्यावरही ते गेलं, तर पुढे ‘का जपलं नाही’ हा प्रश्न त्यांना विचारता येतो. मागितलंच नसेल तर तो प्रश्नच उरत नाही.

आता पावतीमागच्या ओळीबद्दल. पैसे घेऊन तुमची वस्तू सांभाळायला घेणं आणि ठरल्याप्रमाणे परत देणं, याला भारतीय करार कायदा १८७२ मध्ये निक्षेप म्हणतात. कलम १५१ सांगतं की सांभाळणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. वस्तू बिघडली किंवा गेली, तर ती काळजी आपण घेतली होती हे दाखवायचं ओझं त्याच्यावर असतं, कारण खोलीत काय झालं हे त्यालाच माहीत. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून गाडी चोरीला गेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हेच सांगितलं. गाडीच्या पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलेलं असूनही आपला किंवा आपल्या नोकरांचा निष्काळजीपणा नव्हता, हे आधी हॉटेलने दाखवावं लागतं. तो निकाल हॉटेलबद्दलचा आहे, पण उभा आहे तो याच कलम १५१ आणि १५२ वर, त्यामुळे तुमच्या कामाला येतो.

दोन हजारांच्या मर्यादेचं मात्र इतकं सोपं नाही. कलम १५२ ‘विशेष करार’ असा शब्द वापरतं आणि ही मर्यादा म्हणजे तसाच करार, असं म्हणत समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. तेव्हा खरी लढत याची आहे की ती अट तुम्हाला पैसे भरायच्या आधी दाखवली होती का. काउंटरवर ठळक फलक होता का? तुमची सही घेतली का? तुमच्या फोटोत पावतीच्या पुढच्या बाजूला सही नाही आणि अट मागे बारीक अक्षरात आहे. पावती तर पैसे घेतल्यावरच हातात येते. हे तुमच्या बाजूचं आहे. एक सावधगिरी घ्या. तक्रारीत ‘ही अट अन्यायकारक करार म्हणून रद्द करा’ अशी मागणी घालू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे जाते आणि तेवढ्याच कारणावरून तुमचं प्रकरण बेळगावातून उडू शकतं. ‘सेवेतली त्रुटी’ एवढंच म्हणा आणि अट तुम्हाला कळवलीच नव्हती हे त्या ओघात सांगा.

‘कुलूप शाबूत आहे’ हा त्यांचा सगळ्यात लाडका बचाव आहे आणि तो पोकळ आहे. नायलॉनच्या चेनमध्ये बॉलपेनचं टोक दाबून घुसवलं की दातऱ्या फाकतात. हात घालून सामान काढता येतं आणि नंतर कुलूप लावलेले दोन्ही सरक एकत्रच चेनवरून पुढे-मागे ओढले की ती पुन्हा मिटते. कुलूप तसंच लटकलेलं राहतं. खूण उरते ती एकाच ठिकाणी वेड्यावाकड्या झालेल्या दातऱ्यांची, शेजारी कापडावर पडलेल्या टोचणीची, कधी शाईच्या ठिपक्याची. तुमच्या फोटोत चेन एका जागी फाकलेली दिसते आणि कुलूप जागेवर आहे, म्हणजे नेमकं हेच झालेलं दिसतं. म्हणून ती बॅग दुरुस्तीला देऊ नका, धुऊ नका, तशीच प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवा. आयोगाला ती प्रत्यक्ष दाखवायची आहे.

पण बॅग उघडली गेली हे सिद्ध झालं, तरी आत काय होतं हे कसं दाखवणार? इथेच असली बहुतेक प्रकरणं लंगडी पडतात. तुमच्याकडे मात्र एक पुरावा आहे ज्याकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही. दुबईच्या टॅगवर दोन नग, एकूण ४० किलो असं छापलंय. बेळगावच्या विमानाचं तिकीट वेगळं होतं, त्यात १५ किलो मोफत होतं आणि जादा वजनाचे पैसे भरल्याची पावती तुम्ही जोडली आहे, तीवर २१ किलो जादा. म्हणजे दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅगा मिळून ३६ किलो भरल्या. मधल्या चार किलोंचा हिशेब काउंटरने द्यायचा. ते विचारतील की तुम्हीच हॉटेलात सामान काढलं नसेल कशावरून. त्याला उत्तर वेळांमध्ये आहे. सामानपट्ट्यावरून काउंटरपर्यंत तुम्ही अर्ध्या तासात पोचलात आणि काउंटरवरून सुटल्यावर पाऊण तासात चेक-इन झालं. बॅगा हॉटेलात गेल्याच नाहीत. दोन्ही विमान कंपन्यांना ईमेल करून प्रत्येक नगाचं वेगळं वजन लेखी मागा. टॅगवर बेरीजच असते, पण त्यांच्या नोंदीत सुटं वजन असण्याची शक्यता आहे.

विमान कंपन्यांना प्रतिवादी मात्र करू नका. सामान हरवल्यास विमान कंपनीने द्यायच्या भरपाईचे नियम आणि नुकसान सात दिवसांत कळवण्याची अट, हे सामान तिच्या ताब्यात असतानाचं आहे. तुमची बॅग तेव्हा काउंटरच्या ताब्यात होती. प्रतिवादी दोन, काउंटरचा ठेकेदार आणि विमानतळ चालवणारी कंपनी.

मागायचं किती? मोबाईल ३१,०००, घड्याळ ९,०००, अत्तर-चॉकलेट ८,५००, या तिघांची दिरहममधली बिलं तुमच्याकडे आहेत. खरेदीच्या दिवसाच्या दराने रुपयांत करून तक्ता जोडा. बॅगेचे ४,००० धरा. झाले ५२,५००. त्यावर मनस्ताप आणि खर्चापोटी दहा-पंधरा हजार मागा, लाखभर मागून तक्रारीची किंमत घालवू नका. पंधरा हजार रोख सोडून द्या. पुरावा नाही आणि रोख, दागिने ठेवू नयेत हे पावतीच्या पुढच्याच बाजूला मोठ्या अक्षरात आहे. ती रक्कम रेटलीत तर उरलेल्या खऱ्या मागणीवरही संशय येतो.

चाळीस मिनिटांचं भाडं दरफलकावर अवलंबून आहे. असल्या काउंटरवर भाडं नगावर आणि तासांच्या टप्प्यावर असतं, वर १८ टक्के जीएसटी. तुमचं नगाला ५०० म्हणजे दोघांचे १,०००, अधिक कर १८०, एकूण १,१८०. फलकावर ‘२४ तास किंवा त्याचा भाग’ असेल तर एक मिनिट उशीर झाला तरी दुसरा टप्पा लागतो आणि ते कायदेशीर आहे. चोवीस तास विमान उतरल्यापासून नव्हे, पावतीवरच्या वेळेपासून मोजतात. हमालाचे पाचशे विसरा. ट्रॉली तर फुकटच असते आणि तुम्ही स्वतः ढकलता तोवर सामान तुमच्याच ताब्यात धरलं जातं. गणवेशातला हमाल घ्यायचाच तर त्याच्या काउंटरवर दर वाचून छापील पावती घेऊन घ्यावा. पावती नसेल तर त्या रस्त्यात काही गेलं तरी जबाबदार कोण हेच ठरत नाही. तुम्ही त्याच्याबरोबर चालत होतात का, हे तक्रारीत एका वाक्यात लिहा, नाहीतर ठेकेदार सगळं हमालावर ढकलेल.

पोलिसात तक्रार द्या, ग्राहक आयोगासाठी ती अट नसली तरी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी निपाणी ठाण्यात तक्रार नोंदवता येते. ते शून्य क्रमांकाने नोंदवून तिकडे पाठवतात. ‘हद्द आमची नाही’ म्हणाले तर कलमाचा उल्लेख करून अर्ज द्या आणि पोच घ्या.

‘आमच्या शहरात या’ हे तर साफ चूक. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, म्हणजे तुमची बेळगावात. मुदत घटनेपासून दोन वर्षं. अधिकारक्षेत्र आणि फी तुम्ही सेवेसाठी दिलेल्या पैशावर ठरतात, नुकसानीवर नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. आधी पंधरा दिवसांची नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. तक्रार इंग्रजीत लिहा. आपल्याकडे सीमाभागात कागद तीन भाषांत जमतात, निपाणी ठाण्याची पोच कन्नडमध्ये, तुमची चिठ्ठी मराठीत, बिलं इंग्रजीत. आधीच भाषांतर जोडलंत तर एक तारीख वाचते. मूळ पावती काउंटरने काढून घेतली, म्हणून मोबाईलमधला फोटो हाच पुरावा. त्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि तो मोबाईल विकायचा नाही. यूपीआयच्या नोंदीने त्याला जोड मिळते.

सुट्टी संपून तुम्ही परत जाल तेव्हा प्रकरण चालूच असेल. जाण्याआधी शपथपत्रावर सही करून ठेवा, घरच्या एखाद्या माणसाला अधिकारपत्र द्या आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली सुनावणीला व्हिडिओद्वारे हजर राहण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या.